बचत गटाच्या मासिक बैठकीचा निरोप: तारीख, रक्कम आणि पाठवण्याचा क्रम

"सर्व ताईंना कळवण्यात येते की उद्या आपल्या गटाची मीटिंग आहे, सर्वांनी हप्ता घेऊन वेळेवर यावे."

गटांची दप्तरे लिहायला मदत करताना मी अनेक फोनवर हाच निरोप वाचला आहे. तो रात्री साडेदहाला पाठवलेला असतो. कोणी तो लगेच वाचते, कोणी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी. सकाळी वाचणारीसाठी 'उद्या' एक दिवस पुढे सरकलेला असतो. 'हप्ता' या शब्दाचाही तोच घोळ. कर्ज नसलेली बाई हप्ता म्हणजे महिन्याची बचत समजते, कर्ज असलेली कर्जाचा हप्ता समजते, आणि व्याज कोणाच्याच हिशेबात नसते. मग बैठकीत एकीकडे दोनशे रुपये येतात, दुसरीकडे हजार येतात आणि वरचे एकशे चाळीस 'पुढच्या महिन्यात देते' म्हणून राहून जातात. कोषाध्यक्ष तिथेच मांडी घालून आकडे करत बसते आणि तास त्यातच जातो.

निरोप नीट लिहिणे हे तसे शेवटचे काम आहे. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कामात झालेली असते, म्हणून हा लेख तिथूनच सुरू केला आहे.

उदाहरणासाठी एक गट धरू. सदस्य १२. दरमहा बचत प्रत्येकी २०० रुपये. अंतर्गत कर्जावर महिन्याला शेकडा २ रुपये व्याज. बैठक दर महिन्याच्या १० तारखेला दुपारी ३ वाजता. न कळवता गैरहजर राहिल्यास २० रुपये दंड. आपल्याला १० जानेवारी २०२६ च्या बैठकीचा निरोप पाठवायचा आहे. तुमच्या गटाचे आकडे वेगळे असतील, बैठक दर आठवड्याला होत असेल, तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

## १. आधी मागच्या महिन्याचे दप्तर मिटवा

बैठकीच्या पाच-सहा दिवस आधी, म्हणजे या उदाहरणात ४ किंवा ५ जानेवारीला, सचिव आणि कोषाध्यक्ष दोघींनी एकत्र बसावे. सोबत चार गोष्टी घ्या: ठराव वही, बचत आणि कर्जाची खातेवही, रोख वही आणि बँकेचे पासबुक. पासबुक छापून आणलेले नसेल तर आधी ते छापून आणा. बँकेने दिलेले व्याज आणि कापलेले शुल्क तिथेच दिसते.

पहिली तपासणी पेटीची. पेटीतली रोख मोजा आणि रोख वहीतल्या शिल्लकेशी जुळवा. दुसरी तपासणी पासबुकाची. डिसेंबरच्या बैठकीनंतर जी रक्कम बँकेत भरली असे वहीत लिहिले आहे, ती पासबुकात त्या तारखेला दिसते का, ते पाहा. हे दोन्ही जुळल्याशिवाय एकाही सदस्याची रक्कम काढायला घेऊ नका. पेटीत २०० रुपये जास्त निघाले, तर कोणीतरी भरलेली बचत वहीत उतरलेली नाही. अशा वेळी तुम्ही 'डिसेंबरची बचत बाकी' असा निरोप पाठवाल आणि ज्या बाईने पैसे दिले आहेत तिच्यावरच तगादा लावाल.

> तपासा: डिसेंबरच्या प्रत्येक जमेपुढे सदस्याची सही किंवा अंगठा आहे का? नसेल तर ती रक्कम आधी त्या बाईला विचारून पक्की करा.

## २. तारीख, वार, वेळ, जागा पक्की करा

गटाची तारीख ठरलेली असते, म्हणून ती पुन्हा पाहण्याची गरज नाही, असे वाटते. तरी दर महिन्याला कॅलेंडर उघडा. १० जानेवारी २०२६ ला शनिवार आहे आणि तो महिन्यातला दुसरा शनिवार आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, रविवारी तर असतातच. म्हणजे बैठकीत जमलेली रोख दोन रात्री गटाच्या पेटीत राहणार आणि भरणा सोमवारी, १२ जानेवारीला होणार. हे आधी कळले की पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची व्यवस्था बैठकीआधीच करता येते.

आणखी एक गोष्ट पाहा: निरोप आणि बैठक यांच्या मध्ये गावचा आठवडी बाजार येतो का? बऱ्याच गावांत शेतमजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशी हातात पडतात. निरोप बाजारानंतर गेला तर पैसे किराण्यात आणि पोरांच्या खर्चात गेलेले असतात. बाजार गुरुवारी असेल तर मंगळवारी निरोप जायला हवा. मी ज्या गटांत वसुली वाढलेली पाहिली, तिथे निरोपाची भाषा फारशी बदललेली नव्हती, दिवस बदलला होता.

तारीख लिहिताना वार, तारीख आणि महिना तिन्ही लिहा: 'शनिवार, १० जानेवारी'. 'येत्या शनिवारी', 'परवा', 'उद्या' हे शब्द टाळा. असे निरोप पुढे पाठवले जातात, पुन्हा वाचले जातात आणि दर वाचनाला त्यांचा अर्थ बदलतो. आमच्या गटात मी स्वतः एकदा 'येत्या शनिवारी' असे शुक्रवारी रात्री लिहिले होते. तीन जणी आठवडाभराने अंगणवाडीत येऊन बसल्या आणि त्या महिन्याची त्यांची गैरहजेरी वहीत पडली होती. त्यांचा दंड आम्ही ठराव करून माफ केला, कारण चूक माझी होती.

जागेच्या बाबतीतही तसेच. अंगणवाडीत, समाजमंदिरात की कोणाच्या घरी, हे दर वेळी लिहा. 'नेहमीच्या ठिकाणी' असे लिहिले तर नव्या सदस्याला काही कळत नाही.

## ३. प्रत्येकीची रक्कम काढा

हे या कामातले सगळ्यात जोखमीचे पान आहे. एका कोऱ्या कागदावर १२ ओळी आखा आणि सहा रकाने करा: चालू बचत, मागील बचत बाकी, मुद्दल, व्याज, दंड, एकूण. मग खातेवही समोर ठेवून एकेक ओळ भरा. कागदाऐवजी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर थेट बेरीज करू नका, कारण बैठकीत कोणी विचारले तर दाखवायला काही राहत नाही.

कर्ज नसलेली सदस्य. चालू बचत २००, एकूण २००. आपल्या गटात अशा आठ जणी आहेत.

आगाऊ भरलेली सदस्य. क्रमांक २ च्या ताई जानेवारीत माहेरी जाणार होत्या म्हणून डिसेंबरमध्येच ४०० रुपये देऊन गेल्या. त्यांची रक्कम शून्य. त्यांनी आधी कळवले आहे, म्हणून दंडही नाही. अशा बाईला सरसकट '२०० रुपये आणा' असा निरोप गेला तर ती घाबरून फोन करते, आणि तिचे बरोबरच असते.

नियमित फेडणारी सदस्य. क्रमांक ४ च्या ताईंनी १० सप्टेंबर २०२५ ला १०,००० रुपये कर्ज घेतले, मुद्दलाचे १,००० चे दहा हप्ते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन हप्ते आले. शिल्लक मुद्दल ७,०००. जानेवारीचे व्याज या शिलकीवर काढायचे: ७,००० चे शेकडा २ प्रमाणे १४०. एकूण २०० + १,००० + १४० = १,३४० रुपये.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे दर महिन्याला मूळ १०,००० वरच २०० रुपये व्याज धरणे. जानेवारीतच ६० रुपये जास्त घेतले जातात आणि शेवटच्या महिन्यात, जेव्हा फक्त १,००० शिल्लक असतात आणि व्याज २० असायला हवे, तेव्हा १८० जास्त. तुमच्या गटाने पूर्ण रकमेवर व्याज घेण्याचा ठराव केला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसा ठराव वहीत आहे का ते पाहा. बहुतेक वेळा ठराव शिलकीवरचा असतो आणि फक्त सवय चुकीची पडलेली असते.

थकलेली सदस्य. क्रमांक ७ च्या ताईंनी १० ऑक्टोबरला ६,००० घेतले, १,००० चे सहा हप्ते. नोव्हेंबरचा हप्ता आला, शिल्लक ५,०००. डिसेंबरला त्या न कळवता गैरहजर होत्या आणि काहीच भरले नाही. आता त्यांची ओळ अशी होते: चालू बचत २००, मागील बचत २००, मुद्दल २,०००, व्याज डिसेंबरचे १०० आणि जानेवारीचे १००, दंड २०. एकूण २,६२०.

जानेवारीचे व्याज १०० का? कर्ज देताना लिहिलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात जानेवारीपुढे ८० रुपये लिहिलेले असतात, कारण तोवर शिल्लक ४,००० होईल असे धरले होते. हप्ता आलाच नाही, म्हणून शिल्लक ५,००० च आहे. तक्त्यातला आकडा उतरवला तर गटाचे २० रुपये बुडतात. उलट चूक अशी की थकलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लावले जाते. तसा ठराव नसेल तर ते लावू नका.

महिन्याच्या मध्ये कर्ज घेतलेली सदस्य. क्रमांक ९ च्या ताईंना दवाखान्यासाठी २२ डिसेंबरला ५,००० दिले, मुद्दलाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत. जानेवारीला फक्त व्याज. पण किती? १० जानेवारीपर्यंत १९ दिवस होतात. आपल्या गटाचा ठराव असा धरू की १५ दिवसांपर्यंत अर्ध्या महिन्याचे आणि त्याहून जास्त दिवसांचे पूर्ण महिन्याचे व्याज. म्हणून १००, बचतीसह ३००. असा नियम तुमच्या वहीत नसेल तर या बैठकीत ठराव घ्या, आणि तोवर त्या ताईंच्या निरोपात व्याजापुढे 'बैठकीत ठरेल' असे लिहा. मनाने आकडा टाकू नका.

आता कागद दोन बाजूंनी मिळवा. आडवी बेरीज: १,३४० + २,६२० + ३०० + आठ जणींचे १,६०० = ५,८६०. उभी बेरीज: चालू बचत २,२०० (क्रमांक २ वगळून अकरा जणी), मागील बचत २००, मुद्दल ३,०००, व्याज ४४०, दंड २०. हेही ५,८६०. दोन्ही बेरजा जुळल्या तरच पुढे जा. एखाद्या ओळीची बेरीज चुकलेली असेल तर ती इथेच पकडली जाते. रकान्यात मुळातच चुकीचा आकडा उतरवला असेल तर मात्र बेरजा जुळूनही चूक तशीच राहते, म्हणून कर्जाच्या ओळी खातेवहीवरून दुसरीने पुन्हा वाचाव्यात.

> सावधान: १ आणि ९ हे अंक हाताने लिहिताना फार सारखे दिसतात. घाईत लिहिलेल्या १,३४० चे ९,३४० वाचले गेल्याचे मी पाहिले आहे. कागदावर आणि निरोपातही अंकाशेजारी अक्षरी रक्कम लिहा: तेराशे चाळीस.

## ४. सर्वांसाठीचा निरोप वेगळा, एकटीचा वेगळा

गटाच्या व्हॉट्सॲपवर सर्वांना सारखे लागू असेल तेवढेच लिहावे: तारीख, वेळ, जागा, महिन्याची बचत, काय आणायचे. कोणाचे कर्ज किती आणि कोणाचे थकले, हे तिथे येता कामा नये.

काही गट म्हणतात की सगळ्यांसमोर यादी टाकली की वसुली होते. एका गटाने तशी यादी टाकली होती. एका सदस्याने मुलीच्या फीसाठी घेतलेल्या कर्जाची घरात वाच्यता केली नव्हती. यादीचा फोटो पुढे पाठवला गेला आणि संध्याकाळपर्यंत तिच्या दिराच्या फोनवर होता. ती दोन महिने बैठकीला आली नाही. थकबाकी बैठकीत वाचली जाते, ते योग्य आहे, कारण तिथे फक्त सदस्य असतात आणि ती बाई उत्तर देऊ शकते. फोनवरची यादी कुठेही जाते.

सर्वांसाठीचा निरोप मंगळवारी, ६ जानेवारीला सकाळी पाठवायचा. नमुना:

> जानेवारी महिन्याची बैठक
> नमस्कार ताई,
> शनिवार, १० जानेवारी २०२६, दुपारी ३ वाजता, अंगणवाडीत.
> जानेवारीची बचत: २०० रुपये (दोनशे).
> ज्यांचे कर्ज आहे त्यांना मुद्दल आणि व्याजाची रक्कम बुधवारी स्वतंत्र कळवू.
> येताना आपले पासबुक आणा. सुटे पैसे आणा.
> कर्ज हवे असेल तर गुरुवार, ८ तारखेपर्यंत सचिवांना सांगा.
> येता येणार नसेल तर शुक्रवार, ९ तारखेपर्यंत फोन करून कळवा.

पहिल्या ओळीत महिना घातला आहे, कारण चार महिन्यांनी जुना निरोप शोधताना तोच उपयोगी पडतो. कर्जाची मागणी गुरुवारपर्यंत मागितली आहे त्याला कारण आहे. वसुली किती येणार हे आपल्याला कागदावरून कळलेले आहे. मागणीही आधी कळली, तर बैठकीत कोणाला किती देता येईल यावर बोलणे होते. नाहीतर पैसे मोजून झाल्यावर तीन जणी एकदम मागतात आणि जिचा आवाज मोठा तिला मिळतात.

निरोपात दंडाची धमकी घालू नका. दंडाचा नियम ठराव वहीत आहे आणि सर्वांना माहीत आहे. 'न आल्यास दंड आकारला जाईल' ही ओळ घातली की पैसे नसलेली बाई यायचेच टाळते, आणि आपल्याला तर ती यायला हवी असते.

## ५. एकटीचा निरोप: रक्कम फोडून लिहा

बुधवारी, ७ जानेवारीला. त्याआधी एक काम: प्रत्येक सदस्याच्या नावापुढे लिहिलेला फोन नंबर नक्की कोणाकडे असतो, हे विचारून वहीत नोंदवा. स्वतःचा, नवऱ्याचा, मुलाचा की शेजारणीचा. फोन दुसऱ्याचा असेल तर रक्कम लिहून पाठवू का, असे त्या बाईला तोंडी विचारा. ती 'नको' म्हणाली तर निरोपात फक्त तारीख आणि 'सचिवांशी बोला' एवढेच लिहा आणि रक्कम भेटून सांगा.

क्रमांक ४ च्या ताईंना जाणारा निरोप:

> नमस्कार ताई,
> शनिवार, १० जानेवारी, दुपारी ३, अंगणवाडी.
> जानेवारीची बचत: २००
> कर्जाचे मुद्दल, हप्ता ४ था: १,०००
> व्याज (शिल्लक ७,००० वर): १४०
> एकूण आणायचे: १,३४० रुपये (तेराशे चाळीस)
> हा हप्ता भरल्यावर शिल्लक कर्ज: ६,०००
> आकडा पटत नसेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, वही पाहू.

प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत आहे. 'एकूण १,३४०' एवढेच पाठवले तर ती बाई मागच्या महिन्याच्या १,३६० शी तुलना करते आणि यंदा कमी का, की चूक झाली, असा प्रश्न तिच्या मनात राहतो. शिल्लक ७,००० ही ओळ वाचली की व्याज दर महिन्याला का उतरते ते तिचे तिला कळते. आणि शेवटची ओळ जरूर ठेवा. वहीतली चूक बैठकीआधी सापडायचा तोच एक मार्ग आहे.

क्रमांक ७ च्या ताईंना मात्र थेट निरोप पाठवू नका. २,६२० हा आकडा फोनवर अचानक दिसला तर ती बाई बैठकीला येणार नाही. आधी घरी जा किंवा फोन करा. डिसेंबरला का येता आले नाही ते विचारा, रक्कम फोडून सांगा आणि या वेळी किती जमेल ते तिच्याकडूनच घ्या. समजा त्या म्हणाल्या, दोन्ही महिन्यांची बचत, सगळे व्याज, दंड आणि एक हप्ता देते. म्हणजे ४०० + २०० + २० + १,००० = १,६२०. उरलेला एक हप्ता पुढे ढकलायला बैठकीची मान्यता लागेल, सचिवाला एकटीला तो अधिकार नाही. मग निरोप असा:

> नमस्कार ताई, आपले बोलणे झाले त्याप्रमाणे शनिवार, १० जानेवारी, दुपारी ३ वाजता १,६२० रुपये (सोळाशे वीस) आणा. उरलेल्या १,००० च्या हप्त्याचा विषय बैठकीत घेऊ. तुम्ही स्वतः या.

थोडे पैसे आले तर ते आधी कशात जमा करायचे, याचाही ठराव हवा. मी ज्या गटांचे दप्तर पाहते तिथे आधी व्याज, मग मुद्दल असा क्रम ठेवला आहे आणि बचत त्यातून वेगळी, कधी न चुकणारी धरली आहे. तुमचा क्रम वेगळा असला तरी चालेल, पण तो सर्वांना एकच लागू असावा.

साधा फोन असलेल्या सदस्या. त्यांना एसएमएस पाठवावा लागतो. देवनागरीतल्या एका एसएमएसात ७० चिन्हे बसतात आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. लांब निरोपाचे तुकडे पडतात, पैसेही जास्त लागू शकतात. हा नमुना मोजून ६७ चिन्हांचा आहे:

> बचत गट बैठक: शनि १० जाने, दुपारी ३. तुमचे एकूण १३४० रु. पासबुक आणा.

फोड त्यात मावत नाही, म्हणून अशा बाईला फोन करून ती तोंडी सांगा. वाचता न येणाऱ्या सदस्येला व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप पाठवा, पण त्यातही रक्कम दोनदा, सावकाश बोला. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर ध्यानात ठेवा: जिच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन केलेला नाही, तिला तो निरोप पोहोचतच नाही. आणि एकटीचा निरोप पाठवताना 'पाठवा' दाबण्याआधी वरचे नाव वाचा. तो चुकून गटावर पडला तर लगेच 'सर्वांसाठी हटवा'.

## ६. पैसे कुठे द्यायचे, हे निरोपात पक्के करा

बैठकीत रोख देणे हा मुख्य मार्ग. न येऊ शकणारी बाई कोणाहाती पाठवणार असेल तर नाव आधी कळवायला सांगा. मोबाईलवरून पाठवायचे असतील तर गटाच्या नावाच्या बँक खात्यातच. सचिवाच्या किंवा तिच्या मुलाच्या नंबरवर पैसे मागवण्याची सवय हळूहळू पडते आणि तिथेच हिशेब विस्कटतो, कारण त्या खात्यात घरचे पैसेही असतात आणि गटाच्या पासबुकात ती तारीख दिसत नाही. कोणी तसे पाठवलेच तर त्याच दिवशी रोख वहीत नोंद करा आणि ती रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी गटाच्या खात्यात भरा.

> सावधान: गटाच्या निरोपात कधीही दाबायची लिंक नसेल आणि खाते क्रमांक बदलल्याचे कधीही फोनवरून कळवले जाणार नाही, हे बैठकीत सर्वांना सांगून ठेवा. मग तसा निरोप आला तर तो खोटा, हे सगळ्यांना कळेल. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही सांगा.

## ७. आदल्या संध्याकाळी एकच आठवण

शुक्रवारी, ९ जानेवारीला सहा-सातच्या सुमारास एक छोटा निरोप गटावर: "उद्या, शनिवार १० जानेवारी, दुपारी ३, अंगणवाडी. पासबुक आणि सुटे पैसे." इथे 'उद्या' चालतो, कारण शेजारी तारीख आहे. रक्कम पुन्हा लिहू नका. दोन ठिकाणी दोन आकडे झाले की कोणता खरा, हा वाद होतो.

बैठक बदलली तर जुना निरोप हटवा आणि नव्याची सुरुवात 'बदल' या शब्दाने करा: "बदल: १० जानेवारीची बैठक आता रविवार, ११ जानेवारी, दुपारी ३." जुनी आणि नवी दोन्ही तारखा हव्यात. गटाने स्वतःच बैठक पुढे नेली असेल तर एका दिवसाचे जास्त व्याज किंवा उशिराचा दंड कोणाला लावू नका.

## ८. बैठकीनंतर त्याच संध्याकाळी जमेचा निरोप

हा भाग बहुतेक गट सोडून देतात. पैसे दिल्यावर पासबुकावर नोंद झाली की काम संपले असे वाटते. पण जी बाई पैसे शेजारणीच्या हाती पाठवते, तिला ते पोहोचले हे कळत नाही. तिला एकटीला लिहा: "तुमचे ३०० रुपये (बचत २००, व्याज १००) मिळाले. शिल्लक कर्ज ५,०००."

गटावर फक्त बेरजा:

> १० जानेवारीची बैठक झाली. हजर १०.
> जमा: बचत २,४००, मुद्दल २,०००, व्याज ४४०, दंड २०. एकूण ४,८६०.
> नवे कर्ज दिले: ३,०००.
> बँकेत भरायचे: १,८६०, सोमवार १२ जानेवारीला.
> पुढची बैठक: मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६, दुपारी ३.

अपेक्षा ५,८६० ची होती, आले ४,८६०. फरक १,०००, तो क्रमांक ७ च्या पुढे ढकललेल्या हप्त्याचा. फरकाचे कारण असे एका ओळीत सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर बायका घरी जायच्या आत पेटी पुन्हा मोजा.

कर्ज कोणाला दिले, ते नाव ठराव वहीत आहे, फोनवर नाही. सोमवारी भरणा झाला की स्लिपचा फोटो गटावर टाका, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी अंगठ्याने झाकून. आणि फेब्रुवारीच्या कागदावर क्रमांक ७ च्या ओळीत आजच लिहून ठेवा: शिल्लक ४,०००, व्याज ८०, मागचा हप्ता १,००० बाकी, बैठकीने दिलेली मुदत अमुक. महिन्याने हे आठवत नाही.